ताळा जुळला, तरी उत्तर चुकलं

माझी भाची सातवीत आहे. गेल्या रविवारी तिला सरावाला म्हणून मी मसावि-लसाविचा एक कागद करून दिला. दोन-दोन संख्यांच्या दहा जोड्या, प्रत्येकीचे मूळ अवयव पाडायचे, मसावि काढायचा, लसावि काढायचा आणि शेवटी ताळा करायचा. ताळा म्हणजे शाळेत शिकवतात तोच: मसावि आणि लसावि यांचा गुणाकार हा त्या दोन संख्यांच्या गुणाकाराइतका येतो की नाही, ते पाहायचं.

चौथी जोडी होती ९१ आणि १०४. तिने लिहिलं, ९१ ही मूळ संख्या. १०४ = २ × २ × २ × १३. दोघांत सामाईक काहीच नाही, म्हणून मसावि १ आणि लसावि ९४६४. खाली ताळा: १ × ९४६४ = ९४६४, आणि ९१ × १०४ = ९४६४. शेजारी स्वतःच बरोबरची खूणही करून टाकली.

मी म्हटलं, "चौथं चुकलंय गं."

"मावशी, ताळा जुळलाय की! बघ ना नीट."

जुळला होता खरा, आणि उत्तर तरीही चूक होतं. त्यावर तिला जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहितेय, कारण ताळा नेमकं काय तपासतो आणि काय तपासत नाही, हे बहुतेक वह्यांमध्ये कुठेच आलेलं नसतं.

आधी एक सरळ उदाहरण पूर्ण करू. संख्या घेऊ १६८ आणि १८०.

मूळ अवयव पाडायचे म्हणजे संख्येला लहानात लहान मूळ संख्येने भाग देत खाली उतरायचं, १ येईपर्यंत. १६८ ला २ ने भागलं की ८४, पुन्हा २ ने ४२, पुन्हा २ ने २१. आता २ चालत नाही, म्हणून ३ ने ७ आणि ७ ने १. डावीकडच्या रकान्यात जे भाजक लिहिले तेच मूळ अवयव: १६८ = २ × २ × २ × ३ × ७. तसंच १८० चे ९०, ४५, १५, ५, १ असे टप्पे पडतात आणि १८० = २ × २ × ३ × ३ × ५.

इथपर्यंत मुलांना जमतं. गोंधळ होतो तो यापुढे, 'सामाईक' काय आणि 'जास्तीत जास्त' काय हे ओळीत लिहिलेल्या अवयवांवर गोल करत शोधताना. एखादा २ गोल करायचा राहतो, एखादा दोनदा धरला जातो. म्हणून मी कागदावर गोल करायला देतच नाही, त्याऐवजी तक्ता भरायला देते. कोणता मूळ अवयव कोणत्या संख्येत किती वेळा आला, एवढंच त्यात लिहायचं. नसेल तर शून्य, पण रकाना मोकळा ठेवायचा नाही.

| मूळ अवयव | १६८ मध्ये किती वेळा | १८० मध्ये किती वेळा | कमी | जास्त |
|---|---|---|---|---|
| २ | ३ | २ | २ | ३ |
| ३ | १ | २ | १ | २ |
| ५ | ० | १ | ० | १ |
| ७ | १ | ० | ० | १ |

'कमी'चा रकाना म्हणजे मसावि. दोन २ आणि एक ३, म्हणजे २ × २ × ३ = १२. 'जास्त'चा रकाना म्हणजे लसावि. तीन २, दोन ३, एक ५ आणि एक ७, म्हणजे ८ × ९ × ५ × ७ = २५२०.

हे असंच का, तेही थोडक्यात पाहू. मसावि दोन्ही संख्यांना निःशेष भाग देणारा हवा. १८० कडे दोनच २ आहेत, मग त्यात तीन २ असून कसं चालेल? ज्याच्याकडे कमी आहेत त्याच्याच मापाने घ्यावं लागतं. लसाविचं उलट. त्याला दोन्ही संख्यांनी निःशेष भाग जायला हवा, म्हणजे १६८ चे तिन्ही २ त्यात मावायला हवेत आणि १८० चे दोन्ही ३ सुद्धा. ज्याच्याकडे जास्त आहेत त्याचं मागणं पुरवलं की दुसऱ्याचं आपोआप पुरतं.

इथे आपल्या मराठी नावांनी एक खोडी करून ठेवली आहे. मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, लसावि म्हणजे लघुत्तम सामाईक विभाज्य. शेवटचा 'वि' दोन्हीकडे दिसतो, पण एका ठिकाणी तो विभाजक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी विभाज्य. मुलं 'महत्तम' ऐकून मोठी संख्या मसाविच्या पुढे लिहितात, 'लघुत्तम' ऐकून लहान संख्या लसाविच्या पुढे. प्रत्यक्षात विभाजक संख्येच्या पोटात राहतो, त्यामुळे तो कितीही महत्तम असला तरी लहान संख्येपेक्षा मोठा होऊ शकत नाही. आणि लसावि कितीही लघुत्तम असला तरी मोठ्या संख्येच्या खाली येत नाही. १२ आणि २५२० ची अदलाबदल झाली, तर ताळा मात्र खुशाल जुळतो. गुणाकारात कोण आधी आणि कोण नंतर, याने काय फरक पडणार?

आता ताळा. १२ × २५२० = ३०२४०. १६८ × १८० = ३०२४०. जुळला. पण का जुळला, ते तक्त्यातच दिसतं. कुठलीही ओळ घ्या. २ च्या ओळीत दोन संख्यांकडे मिळून ३ + २ = ५ वेळा २ आहे. 'कमी' आणि 'जास्त' मध्ये २ + ३ = ५ वेळा. ३ च्या ओळीत १ + २ आणि १ + २. दोन आकड्यांपैकी एक कमीच्या रकान्यात गेला की दुसरा जास्तच्या रकान्यात जाणारच, तिसरी जागाच नाही. दोन्ही सारखे असले तरी एक इकडे, एक तिकडे. म्हणजे दोन संख्यांच्या डब्यांतले सगळे मूळ अवयव दोन नव्या डब्यांत वाटले गेले, एकही हरवला नाही, एकही बाहेरून आला नाही. मग दोन्हीकडचा गुणाकार सारखा न येऊन सांगतो कुणाला!

ताळ्याचं बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही यातच आहेत. अवयव हरवला किंवा जास्तीचा आला, तर ताळा बोंब मारतो. पण अवयव चुकीच्या डब्यात पडला, तर तो गप्प बसतो.

बोंब मारतो ती कशी, ते पाहण्यासारखं आहे, कारण ताळा नुसतं 'चूक' म्हणत नाही, कुठे चूक ते पण सांगतो. समजा लसावि लिहिताना ७ राहून गेला आणि उत्तर ३६० आलं. १२ × ३६० = ४३२०. यायला हवे होते ३०२४०. मुलं इथे सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतात. तसं करू नका, ३०२४० ला ४३२० ने भागा. उत्तर ७. जो अवयव हरवला तोच समोर येऊन उभा राहतो. उलट एखाद्याने लसावि म्हणून दोन्ही संख्यांचे सगळेच अवयव गुणले, तर लसावि ३०२४० येईल आणि ताळा बरोब्बर १२ पट जास्त येईल. १२ म्हणजे मसावि, म्हणजेच सामाईक अवयव दोनदा धरले गेले. पुस्तकी भाषेत न सांगता ही चूक मुलाला दाखवायची याहून सोपी वाट मला माहीत नाही.

एक काळजी मात्र घ्यायची. ताळा करताना गुणाकार प्रश्नात छापलेल्या संख्यांचा करायचा, आपण पाडलेल्या अवयवांचा नाही. समजा घाईत १६८ चे अवयव २ × २ × २ × ३ × ३ × ७ असे पडले, एक ३ जास्तीचा. त्यावरून मसावि ३६ येतो आणि लसावि २५२०. ३६ × २५२० = ९०७२०. प्रश्नातल्या १६८ × १८० शी ताडून पाहिलं तर लगेच तिप्पट दिसतं. पण त्याच चुकीच्या अवयवांचा गुणाकार करून ताळा घेतला, तर दोन्ही बाजूंना तोच जास्तीचा ३ बसतो आणि सगळं आलबेल वाटतं.

परीक्षेत वेळ वाचवायला बरीच मुलं मसावि काढतात, दोन संख्यांच्या गुणाकाराला त्याने भागतात आणि लसावि मिळवतात. रीत म्हणून ती चोख आहे. पण मग त्याखाली ताळा लिहिण्यात काही अर्थ उरत नाही. जे सूत्र वापरून उत्तर काढलं तेच सूत्र उत्तराला लावून पाहिलं तर ते जुळणारच, मसावि चुकलेला असला तरीही.

आता गप्प बसणारा ताळा. १६८ आणि १८० मध्येच समजा मसाविमध्ये दोनऐवजी एकच २ धरला आणि राहिलेला २ लसाविकडे गेला. मसावि ६, लसावि ५०४०. ६ × ५०४० = ३०२४०. ताळा जुळला, दोन्ही उत्तरं चूक! अवयव हरवला नाही, फक्त भलत्या डब्यात गेला.

यासाठी दुसरी तपासणी लागते, ती दोन मिनिटांचीही नाही. दोन्ही संख्यांना आलेल्या मसाविने भागायचं. १६८ ÷ ६ = २८, १८० ÷ ६ = ३०. दोन्ही सम आहेत, म्हणजे अजून एक २ दोघांत सामाईक राहिला आहे, मसावि 'महत्तम' झालेलाच नाही. खऱ्या मसाविने, १२ ने भागलं तर १४ आणि १५ येतात. त्या दोघांत १ शिवाय काही सामाईक नाही, म्हणजे त्या सहमूळ आहेत. भागाकार सहमूळ आले आणि ताळाही जुळला, की मसावि आणि लसावि दोन्ही पक्के.

पण भाचीच्या ९१ आणि १०४ ला ही तपासणीसुद्धा थेट लागू पडत नाही. तिचा मसावि १, आणि १ ने भागून त्याच दोन संख्या परत हातात येतात. तिची खरी चूक अवयव वाटण्याच्या आधीची होती. ९१ ही मूळ संख्या नाहीच, ती ७ × १३ आहे. १०४ मध्येही १३ आहे. तो १३ ९१ च्या आत दडून बसला, म्हणून दोघांतला सामाईक अवयव दिसलाच नाही. लसाविमध्ये १३ एकदा यायला हवा होता तो दोनदा आला, मसाविमधून तेवढाच कमी झाला आणि ताळा जुळला. खरा मसावि १३ आणि लसावि ७ × ८ × १३ = ७२८. तपासून पाहा, १३ × ७२८ सुद्धा ९४६४ च येतात.

९१ मुलांना फसवते याला कारण आहे. २, ३ आणि ५ च्या कसोट्या तोंडपाठ असतात. ९१ विषम आहे, तिच्या अंकांची बेरीज १०, शेवटी ० किंवा ५ नाही. तिन्ही कसोट्या नापास झाल्या की 'मूळ' असा शिक्का पडतो. ७ ची सोपी कसोटी वर्गात फारशी कुणी वापरत नाही, पण ती लागतही नाही, ७० वजा करा, उरतात २१, आणि २१ ला ७ ने भाग जातो हे पाढ्यातच आहे. किती मूळ संख्यांपर्यंत तपासायचं, यालाही मोजकं उत्तर आहे. १० × १० = १०० हे ९१ पेक्षा जास्त, म्हणून ९१ चे अवयव पडत असतील तर त्यातला एक तरी १० पेक्षा लहान असणार. २, ३, ५, ७ एवढंच पाहायचं. ९१ सारख्याच आणखी काही बहुरूपी संख्या आहेत: ५१, ५७, ८७, ११९, १३३. पहिल्या तीन तर ३ च्या कसोटीतच सापडतात, तरी वह्यांमध्ये मी त्या 'मूळ' म्हणून पाहिल्या आहेत.

मग तिने ते चुकलंय हे कसं ओळखायचं? वजाबाकीने. १०४ − ९१ = १३. जी संख्या दोन संख्यांना निःशेष भागते, ती त्यांच्या वजाबाकीलाही निःशेष भागतेच. म्हणजे ९१ आणि १०४ चा मसावि हा १३ चा विभाजक असणार. १३ मूळ आहे, तेव्हा मसावि १ असेल नाहीतर १३. आता ९१ ला १३ ने भागून पाहायचं, एवढंच काम उरलं. हीच युक्ती १६८ आणि १८० ला लावा. वजाबाकी १२, आणि १२ ने १६८ ला भाग जातो, १४ वेळा. मसावि १२, एकही अवयव न पाडता.

ही युक्ती काही माझी नाही. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या सातव्या खंडात मसावि काढण्याची जी रीत दिली आहे, ती हीच: मोठ्यातून लहान वजा करत राहा. मूळ अवयवांची रीत शाळेत आधी येते, कारण ती पाहिली की मसावि आणि लसावि यांचं नातं डोळ्यांसमोर दिसतं. पण संख्या जरा वाढल्या की ती दमते. २०२१ आणि २४९१ घ्या. २०२१ चे अवयव शोधायला २ पासून सुरू करून एकेक मूळ संख्या लावत गेलात, तर तेरा वेळा हात हलवत परत यावं लागतं आणि चौदाव्या मूळ संख्येला, ४३ ला, भाग जातो. वजाबाकी करा: ४७०, म्हणजे २ × ५ × ४७. २०२१ ला २ ने जात नाही, ५ ने जात नाही, राहिला ४७. २०२१ = ४३ × ४७, २४९१ = ४७ × ५३. मसावि ४७.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन. वर्गात तीन संख्यांचं गणित होतं, १२, १८ आणि ३०. मसावि ६, लसावि १८०, पण "ताळा जुळतच नाहीये, मावशी, आणि सरांचं उत्तर तर हेच आहे". उत्तर बरोबरच होतं. १२ × १८ × ३० = ६४८०, आणि ६ × १८० = १०८०. तीन संख्यांना हा ताळा लागूच नाही. का, ते तक्ता करून तिने स्वतःच शोधलं. ३ च्या ओळीत तीन आकडे येतात, १, २, १. सगळ्यात कमी १ मसाविकडे, सगळ्यात जास्त २ लसाविकडे, आणि मधला १ कुणाकडेच नाही. २ च्या ओळीतही २, १, १ मधला एक १ असाच उरतो. ५ च्या ओळीत ०, ०, १, तिथे उरतो तो शून्य, म्हणजे काही नाही. उरलेले अवयव २ आणि ३, त्यांचा गुणाकार ६. आणि ६४८० ला १०८० ने भागलं की ६ च येतात.

तिच्यासाठी पुढचा कागद करायला घेतला तेव्हा मी संख्या उलट्या बाजूने निवडल्या. असा कागद करायचा तर आधी मसावि ठरवायचा, समजा १७. मग दोन सहमूळ संख्या घ्यायच्या, ३ आणि ५. जोडी झाली ५१ आणि ८५, आणि लसावि १७ × ३ × ५ = २५५. उत्तरं आधी हातात असतात, आणि कुठे फसवायचं तेही आपल्या मनासारखं ठरवता येतं. तिला दिलेल्या नव्या कागदावर ५१ आणि ८५, ११९ आणि १३३, १४३ आणि १८७, ९६ आणि १४४, ४५ आणि ५६ अशा पाच जोड्या आहेत. प्रत्येकीखाली ताळ्याच्या ओळीच्या वर दोन नव्या ओळी छापल्या आहेत: 'वजाबाकी किती?' आणि 'मसाविने भागल्यावर काय उरलं?'

सहावा प्रश्न जरा खट्याळ आहे. मसावि १२, लसावि २५२०, तर दोन संख्या कोणत्या? १६८ आणि १८० हे उत्तर तिला पाठ आहे, ती तेच लिहील. पण १२० आणि २५२ सुद्धा चालतात, ८४ आणि ३६० सुद्धा. २५२० ला १२ ने भागलं की २१० येतात, म्हणजे २ × ३ × ५ × ७. हे चार मूळ अवयव दोघांत कसेही वाटा, पण एकही फोडून दोघांना देऊ नका, प्रत्येक वाटणीची एक जोडी तयार होते. अशा एकूण आठ जोड्या आहेत. आठही सापडल्या तर पुढच्या रविवारी भेळ माझ्याकडून, असं ठरलं आहे.